एकाच जागेसाठी दोन एजन्सींनी रेझ्युमे पाठवला तर
अरे, आधी घाबरू नकोस, पण गप्पही बसू नकोस. कमिशन कुणाला द्यायचं हा वाद नको म्हणून कंपन्या बऱ्याचदा उमेदवारालाच बाजूला काढतात. तू कुठल्या एजन्सीला आधी लेखी होकार दिलास ते मेलची तारीख-वेळ बघून ठरव, मग दुसरीला आजच मेल टाक की ह्या जागेसाठी माझं नाव मागे घ्या आणि कंपनीलाही तसं कळवा, आणि पहिलीलाही हे खरं खरं सांग, कारण कंपनीकडून कळलं तर तिचा विश्वास जातो. जास्त पैसे सांगतेय म्हणून दुसरी निवडू नकोस. आणि यापुढे कंपनीचं नाव आणि जॉब आयडी कळल्याशिवाय कुणालाच होकार देऊ नकोस, नाव लपवतात तिथेच हा घोळ होतो.