चुकलेल्या गणिताखाली ‘छान प्रयत्न’

प्रश्न: उत्तर चुकलं तरी बाई मुलीच्या वहीत ‘छान प्रयत्न’ लिहितात. विचारलं तर म्हणतात, ग्रोथ माइंडसेट, म्हणजे मेहनतीने बुद्धी वाढवता येते ही कल्पना. याला संशोधनाचा आधार आहे का?

थोडा आहे. पण त्या शेऱ्याला जवळपास नाही.

मूळ प्रयोग म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा, १९९८ सालचा. मुलांना आकृत्यांची कोडी दिली. मग काहींना ‘तू हुशार असणार’, काहींना ‘तू मेहनत घेतली असणार’ असं म्हटलं. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडकवलं. त्यानंतरच्या सोप्या फेरीत ‘हुशार’ मुलं आधीपेक्षा घसरली, ‘मेहनती’ सुधारली. २०१९ मध्ये ली आणि बेट्स यांनी चीनमधल्या सहाशेहून अधिक मुलांवर हे तपासलं, तेव्हा यातलं फारसं काही हाती लागलं नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर केलेली ग्रोथ माइंडसेटच्या एका धड्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात अभ्यासात मागे असलेल्यांचे गुण चारांपैकी सरासरी ०.१ ने वाढले. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याला हे वाईट नाही. पण ‘बुद्धी वाढवता येते’ हे त्या धड्यात मुलांनी स्वतः वाचलं होतं. शिक्षकांच्या शाबासकीची ती परीक्षाच नव्हती! इंग्लंडमध्ये शंभरेक शाळांत शिक्षकांना या कल्पनेचं प्रशिक्षण देऊन पाहिलं, तर मुलांच्या प्रगतीत फरक पडला नाही. (तुलनेच्या शाळांतही ही कल्पना आधीच पोचली होती, हे लक्षात घ्यायला हवं.)

मी गणित शिकवतो आणि हा शेरा मीही भरपूर लिहिलाय. एका मुलाने १/२ + १/३ = २/५ केलं. मी ‘छान प्रयत्न’ लिहून मोकळा झालो. आठवड्याने त्याच वहीत १/४ + १/२ = २/६. मेहनत त्याने घेतलीच होती, वरची आणि खालची संख्या नेमाने मिळवण्याची. मग शेजारी बसून विचारलं, “अर्ध्यात आणखी काही मिळवलंस, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?” तो बराच वेळ २/५ कडे बघत राहिला. कागदाच्या पट्टीचे सहा सारखे भाग करायला सांगितले. अर्धी म्हणजे तीन घरं, एक तृतीयांश म्हणजे दोन. पाच घरं त्याने स्वतःच मोजली.

दिलासा म्हणून मेहनतीचं कौतुक करण्याबद्दल खुद्द ड्वेक यांनीच २०१५ मध्ये नाराजी व्यक्त केली होती. शिवाय मोठी मुलं असल्या कौतुकाचा उलटा अर्थ काढतात: सोप्या गणिताला उदंड शाबासकी आणि चुकीबद्दल चकार शब्द नाही, म्हणजे सरांनी आपल्याकडून आशा सोडलेली दिसते.

तुम्ही वही उघडून शेऱ्यानंतरची त्याच प्रकारची दोन-तीन गणितं पाहा. तीच चूक पुन्हा दिसली तर ते पान घेऊन बाईंना भेटा आणि ‘नेमकी कुठली पायरी चुकतेय, तेवढं लिहाल का?’ असं विचारा.