लिंक्डइनवरचा सारांश साध्या शब्दांत कसा लिहावा?

प्रश्न: माझ्या सारांशात 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड टीम प्लेयर' असेच शब्द आहेत. मी चाकणच्या गोदामात डिस्पॅच सांभाळतो. हे नैसर्गिक कसे करू?

उत्तर: प्रत्येक विशेषणापुढे 'म्हणजे मी नेमके काय केले?' असे विचारावे आणि उत्तर मिळाले नाही, तर ते विशेषण सरळ खोडावे. 'रिझल्ट-ओरिएंटेड'मागे गाड्या वेळेत सुटू लागल्याची हकिकत असेल, तर तीच लिहावी. उदाहरणार्थ (आकडे अर्थात तुमचे घालावेत): "मी चाकणच्या गोदामातून रोज सुमारे 40 गाड्या रवाना करतो. चलन आणि ई-वे बिल गाडी भरण्याआधीच तपासण्याची पद्धत मी सुरू केली, त्यामुळे गेटवरचा खोळंबा दोन तासांवरून पाऊण तासावर आला." 'टीम प्लेयर'ऐवजी पाळीत किती माणसे आहेत आणि त्यांची कामे कोण लावते, एवढे सांगणे पुरेसे आहे.

या सारांशाला 2,600 अक्षरांची मर्यादा असली, तरी उघडण्यापूर्वी सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात. म्हणून काम आणि ठिकाण पहिल्याच वाक्यात यावे. मुलाखतीत ज्याचा हिशेब देता येणार नाही किंवा जो कंपनीने गोपनीय ठेवला आहे, असा आकडा मात्र कटाक्षाने टाळावा.