शॉर्ट पर्पेच्युअलने हेज: फंडिंग किती पडतं?

प्रश्न: माझ्याकडे २ इथर आहेत, विकायचे नाहीत. तेवढाच पर्पेच्युअल शॉर्ट केला तर महिनाभर हेज ठेवायला खर्च किती?

पर्पेच्युअल म्हणजे मुदत नसलेला फ्युचर्स करार, आणि त्याचा भाव स्पॉटजवळ राहावा म्हणून लाँग आणि शॉर्टवाले ठरावीक वेळाने एकमेकांना जी रक्कम देतात ते फंडिंग. खर्च या फंडिंगच्या चिन्हावर ठरतो. दर धन असेल तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना देतात, म्हणजे तुम्हालाच पैसे मिळतात. ऋण झाला की तुम्ही देता. आकारणी मार्जिनवर नव्हे, पूर्ण पोझिशनवर होते, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

भाव ३,००० डॉलर धरला तर पोझिशन ६,००० डॉलरची. दर आठ तासांना +०.०१% असेल तर दिवसाला १.८० डॉलर जमा. तोच −०.०५% झाला तर दिवसाला ९ डॉलर, ३० दिवसांत २७० डॉलर, म्हणजे ४.५% गेले.

असं खरंच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मर्जच्या, म्हणजे इथेरियम प्रूफ-ऑफ-स्टेकवर जाण्याच्या, आधी फोर्कची, म्हणजे वेगळ्या निघणाऱ्या जुन्या साखळीची, नाणी फुकट मिळवायला अनेकांनी इथर धरून शॉर्ट केलं आणि फंडिंग खोल ऋण गेलं. सगळे एकाच बाजूला हेज करतात तेव्हाच हेज महागतो.

शिवाय भाव चढला तर तोटा शॉर्टच्या मार्जिनमधून लगेच कापला जातो, स्पॉटचा नफा मात्र वॉलेटमध्येच राहतो. वेळेवर मार्जिन भरलं नाही तर शॉर्ट लिक्विडेट होतो. म्हणून लिव्हरेज कमी ठेवा.