४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे, लेखनिकाला नाही

प्रश्न: उजव्या हाताला कंप आहे, पानभर लिहिलं की बोटं आखडतात. सिव्हिलच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के आलंय. स्पर्धा परीक्षेच्या वर्णनात्मक पेपरला लेखनिक हवा होता, पण ४० टक्क्यांच्या खाली मिळत नाही म्हणतात. विनंतीअर्ज केला तर माणुसकीने देतील का?

माणुसकीने मीही वेळ दिलाय. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात बरीच वर्षं होतो. तुमच्यासारखाच त्रास असलेली एक मुलगी होती, तिला मी दर पेपरला गुपचूप पंधरा मिनिटं जास्त द्यायचो. एका सत्रात मी रजेवर होतो. त्या दिवशीच्या पर्यवेक्षकाने घंटा होताच पेपर ओढून घेतला. तिने तक्रार केली नाही. करणार तरी कशाच्या आधारावर? ती पंधरा मिनिटं तिची नव्हतीच, माझी होती. त्यामुळे अर्ज जरूर करा, पण त्यात 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहू नका.

४० टक्क्यांचा घोळ असा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक 'दिव्यांग व्यक्ती', तिला टक्केवारीची अटच नाही. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक किंवा मानसिक उणीव आणि समोरचे अडथळे, या दोन्हींमुळे इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नसेल, तर ती व्यक्ती दिव्यांग. दुसरी 'लक्षणीय दिव्यांगत्व', ते किमान ४० टक्के. हा आकडा नोकरीतल्या आरक्षणासाठी लागतो. लेखनिक म्हणजे आरक्षण नव्हे. त्याने तुम्हाला एकही गुण जास्त मिळत नाही. डोक्यातलं उत्तर कागदावर उतरतं, इतकंच. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणं हा भेदभावाचाच एक प्रकार आहे असं व्याख्येतच लिहून ठेवलंय.

तुमच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात झालंय: विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, निकाल ११ फेब्रुवारी २०२१. लिहायला लागलं की हाताचे स्नायू आखडणारा उमेदवार, परीक्षा २०१८ची नागरी सेवा. आयोगाचं म्हणणं, आमच्या नियमांत लेखनिक फक्त अंधांना आणि ४० टक्क्यांवरच्या ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांना. उच्च न्यायालयातही तो हरला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लेखनिकाला लावता येणार नाही, आणि सरकारने अशा उमेदवारांसाठी नियम करावेत. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणातही न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं.

आता तुमचं काम. सिव्हिलचं टक्केवारीचं सर्टिफिकेट इथे पुरत नाही, आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. टक्का किती हा मुद्दा नाही. 'या व्यक्तीला लिहिण्यात अडचण आहे, लेखनिकाची गरज आहे' असं विहित नमुन्यात, वैद्यकीय मंडळाच्या सहीने हवं. नमुना त्या परीक्षेच्या जाहिरातीला जोडलेला असतो. जुना नमुना चालवून घेत नाहीत, आणि लेखनिकाच्या शिक्षणाची अटही परीक्षेगणिक बदलते, म्हणून यंदाचीच जाहिरात वाचा. फॉर्म भरतानाच लेखनिकाच्या रकान्यात 'हो' करा. केंद्रावर आयत्या वेळी मागितलं तर केंद्रप्रमुखाच्या हातात फारसं काही नसतं.

वाढीव वेळ वेगळी मागा. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. सांगून लिहून घ्यायला जास्त वेळ लागतो; शब्द नीट ऐकला का, आकृती कुठे काढायची, यात मिनिटं जातात.

हक्कालाही मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर सोय नाकारता येते. पण एक लेखनिक आणि एक खोली हा बोजा आहे असं म्हणणं कुठल्याही परीक्षा मंडळाला जड जाईल, आणि ते दाखवायचं त्यांनी, तुम्ही नव्हे. म्हणून नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. फोनवर 'नियमात बसत नाही' म्हणणारा माणूस तेच कागदावर लिहायला कचरतो, हा माझा अनुभव.

तरीही अडवलं, तर राज्याच्या परीक्षेसाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि केंद्राच्या परीक्षेसाठी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार जाते. ते शिफारस करतात, हुकूमनामा काढत नाहीत. संबंधित संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. परीक्षा महिन्यावर आली असेल तर एवढी वाट पाहू नका, वकिलामार्फत थेट उच्च न्यायालयात अंतरिम आदेश मागा. लेखी नकार तिथे पहिल्यांदा लागेल.