मसुदे जपा, वाक्ये बिघडवू नका

तुमच्या इंग्रजी प्रबंधिकेत ‘विहिरी आटण्याआधीच त्यांच्या मालकीच्या भांडणांनी गाव रिकामे केले’ अशा अर्थाचे नेमके वाक्य होते. ते खोडून तुम्ही ‘लोक गेले, याची कारणे अनेक आहेत’ असे लिहिले, आणि तेही केवळ एआयने लिहिल्याचा आळ येईल या भीतीने, हे पाहून मला फार वाईट वाटले. शिवाय अशाने आळ टळतोच असे नाही. पुष्कळशी तपासणी-साधने पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात, त्यामुळे मोजक्या, सरधोपट शब्दांतला मजकूरच त्यांना संशयास्पद वाटतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध ७ साधनांतून तपासले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध चुकीने एआयचे ठरले. त्यांतील शब्दसंपदा वाढवल्यावर मात्र हे प्रमाण बरेच उतरले.

तेव्हा मूळ वाक्य परत घ्या. गूगल डॉक्समध्ये एकाच फाइलीत लिहीत जा, म्हणजे प्रत्येक बदलाची वेळ नोंदली जाते. बाहेरून मजकूर एकगठ्ठा चिकटवला, तर ही नोंद निरुपयोगी ठरते. मुलाखतींची वही तारखांसह जपा. चौकशी झालीच, तर मालकीचा मुद्दा कोणत्या मुलाखतीतून सुचला, हे तुम्हाला वहीचे पान उघडून दाखवता येईल.