कुंपणाचा वाद आणि मारहाण: दोन वेगळ्या वाटा

शेजाऱ्याने कुंपण दोन फूट आत सरकवलं, तुम्ही जाब विचारलात आणि त्याने काठी मारली. घटना एकाच सकाळची असली तरी प्रकरणं दोन आहेत, आणि ती एकाच अर्जात कोंबू नका.

जमीन कुणाची, हा वाद दिवाणी. दावा तुम्हीच लावायचा, मोजणीचा नकाशा आणि खरेदीखत तुम्हीच द्यायचं. तिथे शिक्षा मागायची नसते. हद्द ठरवून मिळावी, अतिक्रमण काढावं आणि निकाल लागेपर्यंत बांधकामाला मनाई हुकूम मिळावा, एवढंच मागायचं. कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय, यावर न्यायालय निकाल देतं.

काठीचा मार मात्र फौजदारी. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की खटला सरकार चालवतं, तुम्ही साक्षीदार असता. म्हणून दुखापत गंभीर असेल तर तुम्ही ‘मिटलं’ म्हटल्याने खटला थांबेलच असं नाही. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, म्हणून त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्या. आठवड्याने वळ फिका पडलेला असतो.

फिर्यादीत कोणी, कशाने, कुठे मारलं हे आधी येऊ द्या, जमिनीचा उल्लेख एका ओळीत. बरेच जण चार पानं हद्दीवर लिहितात आणि मार शेवटी. मग ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं उत्तर ऐकून परत येतात. शेजारी मारहाणीतून निर्दोष सुटला तरी ते दोन फूट त्याचे होत नाहीत, तो दावा स्वतंत्रपणे चालतोच.