चिन्ह चुकलेल्या मुलीची कथा

तुझा खर्डा वाचला. परळीची एसटी, केंद्रावरची गर्दी, आईचा डबा यांत दोन पानं गेलीत. ती काढ. दहावीचं गणित भाग १, दोन तासांचा पेपर, शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा: कथा इथून सुरू कर.

दुसरं, नुसतं ‘चिन्ह चुकलं’ म्हणून भागत नाही, गणित दिसलं पाहिजे. तू उत्तर आणलंस वय उणे १५. ते कुणालाही लगेच खटकेल, मग ती तासभर गप्प का? चूक अशी हवी की उत्तर खरं वाटेल. उदाहरणार्थ, वडील मुलाच्या तिप्पट वयाचे, पाच वर्षांपूर्वी पाचपट होते. समीकरण:

3x − 5 = 5x − 25

उणे पाच पलीकडे नेताना तिने चिन्ह बदललं नाही. म्हणून x = 15, वडील ४५. छान दिसतं. ताळा करताना मात्र १० आणि ४० येतात, म्हणजे चारच पट! खरं उत्तर १० आणि ३०. आता गंमत बघ: विसाव्या वर्षी बाप? तिला बरोबर उत्तराचाच संशय येतो. कथेचा जीव इथे आहे, इथे रेंगाळ.

घाबरून अख्खं उत्तर खोडायला लावू नकोस. एक ओळ आणि त्याखालचे आकडे बदलले की झालं. पुरवणीचा दोरा बांधायचा राहिलाय, तेवढा ताण पुरे. निकालाचा दिवसही नको.

निवेदन कुणाच्या तोंडी ठेवायचं ते पुढच्या खर्ड्यात पाहू.